मिठात उकळलेली सुरी

लग्न होऊन कर्जतजवळच्या भिसेगावात आले, तेव्हा पहिल्याच दिवशी मला कळलं की माझा नवरा नखशिखान्त डांबराचा आहे. कपड्यांना डांबराचा वास, केसांना डांबराचा वास, नखांच्या कडा कायमच्या काळ्या. माहेरी असताना मला मोगऱ्याची फार हौस. इथे मोगरा माळला तरी नाकात डांबरच शिरायचं. चार दिवस मी नाक मुरडलं. मग सवय झाली, आणि पुढे तर अशी वेळ आली की संध्याकाळी तो वास दारातून आत आला की माझा जीव भांड्यात पडायचा.

घाटात नुकतीच विजेची इंजिनं आली होती, त्या दिवसांतली ही गोष्ट. आमचे हे रेल्वेत डांबरवाले होते. कर्जतपासून पळसदरीकडे आणि पुढे घाटात जी रुळांखालची लाकडी स्लीपाटं असत, पुलांचं जे लोखंड असे, खांबांची जी बुडं असत, त्या सगळ्यांना पाऊस लागायच्या आत डांबर फासायचं हे त्यांचं काम. होळी झाली की पिंपं यायची. रुळाच्या कडेला चूल पेटवून डांबर कढवायचं, लांब दांड्याच्या कुंच्याने लावायचं. भर उन्हात, उघड्या हातांनी. कढतं डांबर उडायचं आणि कोपरापासून मनगटापर्यंत काळे ठिपके बसायचे. घरी आले की मी रॉकेलच्या बोळ्याने ते पुसायची आणि पुसता पुसता बडबडायची. हे म्हणायचे, "अगं, डांबर म्हंजे औषध हाय. लाकडाला कीड लागू देत नाय, ते मानसाला कशी लागू दील?"

हे त्यांचं एकट्याचं म्हणणं नव्हतं. डांबरवाल्यांची सगळी टोळीच तसं मानायची. कुणाला खरचटलं, काटा घुसला, कुऱ्हाडीचा निसटता घाव लागला, की त्यावर डांबराचं बोट. जखम भरायची खरी, पण कातडीत काळेपणा राहायचा तो राहायचाच. आमच्या ह्यांच्या हातांवर असे किती डाग होते म्हणून सांगू! मी त्यांना चित्ता म्हणायची.

त्या वर्षी वैशाखात त्यांच्या डाव्या मनगटाच्या जरा वर एक पुटकुळी उठली. पुटकुळीकडे कोण बघतो? पण ही पुटकुळी काही पुटकुळीसारखी वागेना. आठवड्याभरात हरभऱ्याएवढी झाली. मृग लागेपर्यंत तिचं बोर झालं. गोल, फुगीर, कातडी ताणून चकचकीत झालेली, आणि बरोबर मध्यभागी खळगा. खळग्यात काहीतरी टणक, पिवळट, बैलाच्या शिंगासारखं दाटून बसलेलं. पिकलेल्या उंबराच्या टोकाला जसं तोंड असतं, थेट तसं. दुखायचं फारसं नाही. धक्का लागला तर हे "आई गं" करायचे, एवढंच.

माझ्या सासूबाईंनी हात उजेडात धरून पाहिला आणि म्हणाल्या, "ह्ये तर उंबर उगवलं रं हातावर!"

सासूबाईंना मी आत्या म्हणायची. काटक बाई, बोलायला फटकळ, आणि मीही काही कमी नव्हते. आमच्या दोघींचं भांडण ऐकायला शेजारणी मुद्दाम ताक मागायच्या निमित्ताने यायच्या. पण एक सांगते, त्या बाईने मला कधी उपाशी झोपू दिलं नाही आणि माझ्या माहेरचा कधी उद्धार केला नाही. एवढं कुणाच्या सासूबद्दल म्हणता येतं?

अंगावर चामखीळ आली की मीठ वाहायचं, ही आमच्याकडची जुनी रीत. मूठभर खडेमीठ त्या जागेवरून उतरवायचं आणि वाहत्या पाण्यात सोडायचं. मीठ विरघळलं की चामखीळ विरघळते, असं म्हणतात. आत्यांच्या माहेरी, खालापूरच्या बाजूला डोंगराच्या पायथ्याशी देवीचा एक झरा होता, आणि त्यांच्या माहेरची मंडळी मीठ तिथेच वाहायची. त्यांचे दोन नियम होते. एकदा मीठ वाहिलं की त्या जागेला लोखंड लावायचं नाही, सुई नाही, ब्लेड नाही, चाकू तर नाहीच. आणि जिने मीठ वाहिलं तिने जागा बरी होईपर्यंत अळणी जेवायचं. स्वतःच्या तोंडचं मीठ देवीला दिलं, असा त्याचा अर्थ. आत्या पायी खालापूरला गेल्या, मीठ सोडून आल्या आणि त्या दिवसापासून त्यांच्या ताटात मीठ बंद झालं.

मी म्हटलं, नवस असू दे, डॉक्टरलाही दाखवू. आत्यांनी त्याला नको म्हटलं नाही. "बघायला कुठं लोखंड लागतंय?" म्हणाल्या.

कर्जतच्या दवाखान्यातले डॉक्टर गावातल्याच जुन्या घरातले होते. चष्मा नाकावर घसरलेला, बोलणं हळू, आणि एकेका रोग्याला इतका वेळ द्यायचे की बाहेर बसलेली माणसं कंटाळून बरी व्हायची. त्यांनी ह्यांचा हात उलटसुलट करून पाहिला. गाठ चिमटीत धरून हलवली. कोपरात चाचपलं, काखेत चाचपलं. मग विचारलं, "किती दिवसांत एवढी झाली?"

"वैशाखात दिसली," मी म्हटलं. "बघता बघता वाढली."

"काम काय करतोस?"

ह्यांनी काळी नखं दाखवली. डॉक्टर मान हलवत राहिले. म्हणाले, "विलायतेत धुराडी साफ करणारी माणसं असतात. काजळी आणि डांबर अंगावर बसून बसून त्यांना कातडीचा कॅन्सर होतो, हे जुनं ठाऊक आहे. आणि तुम्ही लोक ते जखमेवर चोपडता! शाबास!"

कॅन्सर हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. अर्थ कळला नाही, पण त्यांच्या तोंडाकडे बघून तो वाईट आहे एवढं कळलं.

मग त्यांनी जे सांगितलं ते मला आजही पाठ आहे. अशी गाठ दोन जातींची असते. एक येते ती धावत येते. दीड-दोन महिन्यांत बोराएवढी होते, मग काही दिवस तशीच थांबते, आणि पुढे आपली आपण बसत जाते. मधलं शिंग गळून पडतं आणि खड्ड्यासारखा व्रण राहतो. दुसरी जात म्हणजे कॅन्सर. तोही असाच खळगा घेऊन बसू शकतो. पण तो जात नाही. खाली मुळं धरतो, आणि एक दिवस काखेत गाठ येते. "ही इतक्या झपाट्याने आली, त्यावरून मला पहिली जात वाटते. पण नुसतं बघून खात्री देता येत नाही. मी असल्या गाठींबद्दल वाचलंय जास्त, पाहिल्यात थोड्या. म्हणून म्हणतो, मुळासकट कापून काढू आणि मुंबईला दुर्बिणीखाली बघायला देऊ."

"टोकाचा तुकडा घेतला तर?" ह्यांनी विचारलं. त्यांना वाटलं, तेवढ्याने भागेल.

"टोकावर नुसतं शिंग आहे. तुकड्यात दोन्ही जाती सारख्याच दिसतात रे. कडा कशी आहे, बूड कसं आहे, मुळं कुठवर गेलीत, हे सगळं एकत्र बघावं लागतं. घर कसं बांधलंय ते एका कौलावरून कळतं का?"

लोखंड म्हटल्यावर आमचे हे उठलेच. आईचा नवस होता ना! डॉक्टरांनी समजावून पाहिलं, मग म्हणाले, "बरं. निदान दर पंधरवड्याला दाखवून जा. काखेत काही लागलं तर मी तुझं ऐकणार नाही." हे मात्र ह्यांनी पाळलं.

आणि काय सांगू, श्रावणापर्यंत ती गाठ जशीच्या तशी राहिली, भादव्यात मऊ पडली, आणि दिवाळीच्या आधी एका सकाळी आंघोळ करताना ते शिंग त्यांच्या हातात आलं. फुगवटा बसत गेला. उरला तो चुरगळल्यासारखा एक पांढुरका खड्डा. आत्यांचा आनंद गगनात मावेना. दिवाळीच्या फराळाला त्यांनी पहिली चकली खाल्ली ती डोळे मिटून. साऱ्या टोळीत बोभाटा झाला. कुणाला चामखीळ, कुणाला करट, ऊठसूट लोक आत्यांकडे. आत्यांचा रुबाब असा वाढला की मला वाटलं, आता ही बाई मला चुलीपाशी उभी करणार नाही.

डॉक्टरांनाही खूप बरं वाटलं. त्यांनी व्रणावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "चांगली जात निघाली. सुटलास. पण ही गेली म्हणून पुढची जाईल असं समजू नकोस. आणि डांबर सोड."

पहिली दोन वाक्यं सगळ्यांनी ऐकली. शेवटची दोन कुणाच्या कानात शिरली नाहीत. डांबर सोडून खायचं काय? आणि पुढची कशाला येईल?

ती आली. मध्ये दोन पावसाळे गेले होते. मार्गशीर्षातल्या थंडीत उजव्या हाताच्या पाठीवर, अंगठ्याशेजारच्या बोटाच्या मुळाशी, जिथे एक जुना डांबराचा डाग होता त्याच जागी. तसंच उंबर. तसाच खळगा. आत्यांनी बघितलं आणि हसल्याच. "आली का परत? येऊ दे. वाट ठावं हाय आपल्याला." दुसऱ्या दिवशी पहाटे त्या झऱ्यावर निघाल्यासुद्धा. या वेळी दवाखान्यात जायचं कुणाच्या मनातही आलं नाही. मीही गेले नाही, खोटं कशाला सांगू? एकदा डोळ्यांनी पाहिलं होतं ना, कशी जाते ते. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

पण मला हळूहळू चैन पडेना. पहिली गाठ धावत आली होती, ही रांगत होती. पहिली चहूबाजूंनी सारखी गोल होती, ही अंगठ्याकडच्या बाजूला पसरत होती आणि तिकडची कड दगडासारखी कडक. पहिलीतलं शिंग कोरडं होतं. हिच्यातून लस यायची, फडकं चिकटायचं, काढताना रक्त यायचं. होळी आली. गेली. पहिलीचा हिशोब धरला तर ही आता मऊ पडायला हवी होती. ही मऊ पडेना. पाडव्याच्या दिवशी हे जेवायला बसले आणि पुरणपोळीचा घास मोडताना बोट आखडलं. त्यांनी पटकन डाव्या हाताने मोडली आणि माझ्याकडे बघितलं, मी पाहिलं का म्हणून. मी पाहिलं होतं.

"उद्या दवाखान्यात चला," मी म्हटलं.

"आयेचं मीठ पडलंय," हे म्हणाले.

माझं डोकं फिरलं. "तुमच्या आईच्या मिठाला काय करू मी? चुलीत घालू? तुमचा हात सडतोय आणि तुम्ही मीठ मीठ करत बसलाय!"

आत्या मागच्या दारात उभ्या होत्या. भांडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्या नुसत्या आत गेल्या आणि आपलं अळणी ताट तसंच झाकून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मी ह्यांना ओढतच नेलं. डॉक्टरांनी हात धरला आणि त्यांचा चेहरा उतरला. पुन्हा कोपर, पुन्हा काख. काखेत बराच वेळ त्यांची बोटं फिरत होती. शेवटी म्हणाले, "काखेत काही नाही. अजून नाही. मी छातीवर हात ठेवून सांगत नाही की हा कॅन्सरच आहे, पण ही त्या पहिलीची बहीण नव्हे. हिने मुळं धरलीत असं वाटतं. आत्ता काढली तर हात वाचेल, माणूस वाचेल. काखेत गेली तर मग माझ्या हातात काही नाही."

हे हळूच म्हणाले, "आयेला इचारतो."

"तुझ्या जिवाचं आईला काय विचारायचं?" डॉक्टर चिडून म्हणाले. चिडताना त्यांना मी तेव्हाच पाहिलं.

तेव्हा ह्यांनी मला माहीत नसलेली गोष्ट सांगितली. त्यांच्या आधी आत्यांना एक मुलगा झाला होता. तो लहान असताना त्याच्या मानेवर गाठ आली. आत्यांनी मीठ वाहिलं. सासरे घाईचे होते, त्यांनी न्हाव्याला बोलावून वस्तऱ्याने गाठ फोडली. जखम चिघळली, ताप भरला आणि पोर गेलं. आत्यांनी नवऱ्याला कधी बोल लावला नाही. पण तेव्हापासून कुणी गाठीला लोखंड लावायचं नाव काढलं की त्या उठून जायच्या. दुधाने तोंड पोळलेली बाई ती, ताक फुंकून पिणार नाही तर काय करील? आणि मी तिचं मीठ चुलीत घालायला निघाले होते.

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "न्हाव्याचा वस्तरा," ते म्हणाले. "उकळला नसेल. कुणाकुणाच्या दाढ्या करून आलेला असेल." मग मला म्हणाले, "बाई, त्यांना इथे घेऊन या. मला बोलू दे."

आत्या यायला तयार होतील असं वाटलं नव्हतं. मी घरी आले, पायाशी बसले आणि म्हटलं, "आत्या, मी बोलले ते चुकीचं बोलले. पण मला कुंकवाची भीती वाटते हो." त्या म्हणाल्या, "आनि मला काय वाटतंय? माझं तर पोर हाय." उठल्या आणि पदर खोचून चालू लागल्या.

डॉक्टरांनी त्यांना खुर्ची दिली. आत्या खुर्चीवर बसल्या नाहीत, जमिनीवर बसल्या, म्हणून डॉक्टरही पायरीवर टेकले. त्यांनी पुन्हा सगळं सांगितलं, दोन जाती, मुळं, काख. आत्यांनी मध्येच विचारलं, "मंग ती पयली कुनी घालवली?"

आता हा खरा प्रश्न होता. डॉक्टर म्हणू शकले असते की ती जाणारच होती. किंवा म्हणू शकले असते, तुमच्या मिठानेच, आजी. त्यांनी दोन्ही म्हटलं नाही. म्हणाले, "आजी, खरं सांगतो, मला ठाऊक नाही. ती जात येते आणि जाते, एवढं पुस्तकात आहे. का जाते ते पुस्तक लिहिणाऱ्यालाही ठाऊक नाही."

आत्यांना हे उत्तर आवडलं असावं. त्यांनी मान हलवली. मग त्यांचं लक्ष कोपऱ्यात गेलं. तिथे स्टोव्हवर चौकोनी भांड्यात पाणी उकळत होतं आणि तळाशी चिमटे, कात्र्या, सुया पडलेल्या होत्या.

"त्ये काय?"

"हत्यारं उकळतोय. उकळली की त्यावरचं जे काही वाईट असतं ते मरतं. तुमच्या त्या पोराच्या वेळी न्हाव्याने उकळलं नव्हतं, म्हणून..." डॉक्टर थांबले.

आत्या उठून त्या भांड्याजवळ गेल्या. वाफेत वाकून बघत राहिल्या. "पान्यात काय घालता?"

"धुण्याचा सोडा. लोखंड गंजू नये म्हणून."

"सोडा नगं," आत्या म्हणाल्या. "मी झऱ्याचं पानी आन मीठ आनते. सुरी त्याच्यात उकळा. जिथं माझं मीठ गेलंय तिथनंच तुमचं लोखंड येऊ दे. मंग देवी मला इचारनार नाय आन मी तुमाला इचारनार नाय."

कंपाउंडर घाईने पुढे झाला. "अहो आजी, मिठाने सुरी गंजेल! परवाच मुंबईहून आणलीय, विलायती आहे."

डॉक्टरांनी हात वर करून त्याला थांबवलं. आत्यांकडे बघितलं. "आणा," म्हणाले. "पाणी गाळून घेईन आणि भरपूर उकळीन. तेवढं चालेल ना देवीला?"

"उकळल्यालं चालल," आत्या गंभीरपणे म्हणाल्या.

त्या दुसऱ्या दिवशी भर उन्हात खालापूरच्या वाटेने गेल्या आणि तिन्हीसांजेला डोक्यावर पितळी कळशी घेऊन परत आल्या. तोंड काळवंडलेलं, पायाला फोड. मी कळशी उतरवून घेऊ लागले तर हात लावू देईनात. तशाच दवाखान्यात जाऊन त्यांनी ती डॉक्टरांच्या हाती दिली.

सकाळी शस्त्रक्रिया झाली. मला दाराबाहेर बसवलं होतं, पण दाराला फट होती. बधिर करायची सुई दिल्यावर हे तोंड फिरवून भिंतीवरच्या पालीकडे बघत पडले होते. डॉक्टरांनी गाठीच्या भोवती चांगली कातडी बोटाच्या रुंदीएवढी घेऊन रेघ आखली आणि सगळं एका तुकड्यात, बुडासकट बाहेर काढलं. गाठीशेजारून बोट हलवणारी एक शीर जात होती, तीही थोडी सोलावी लागली. तुकडा बाटलीतल्या औषधात पडला. आत्या माझ्या शेजारी बसल्या होत्या, डोळे गच्च मिटलेले, माझा हात धरलेला. त्यांच्या नखांच्या खुणा माझ्या मनगटावर कितीतरी दिवस होत्या.

बाटली दुसऱ्याच्या हाती द्यायला डॉक्टर तयार नव्हते. स्वतःच मुंबईला घेऊन गेले. त्यांचे जुने गुरुजी तिथे दुर्बिणीचं काम करायचे. तुकडा मेणात बसवायचा, पातळ काप करायचे, रंगवायचे, याला दिवस लागतात म्हणाले. ते दिवस कसे गेले, मला सांगता येत नाही. जखम उघडीच ठेवली होती, ती रोज धुवायची. हे थापा मारायचे, हसायचे, आणि रात्री कूस बदलत राहायचे. आत्या अळणी पेज प्यायच्या. मी म्हटलं, "आत्या, गाठ गेली की. आता तरी मीठ घ्या." तर म्हणाल्या, "गाठ गेली ती बाटलीत. मुळं गेली का ते कुठं कळलंय? डाक्तर येऊ दे."

एका संध्याकाळी ते आले. घरी न जाता स्टेशनावरून थेट आमच्या दारात. मी चुलीवर पेज ढवळत होते. उठून उभी राहिले, पळी हातातच.

"कॅन्सर होता," डॉक्टर दारातूनच म्हणाले. "होता म्हणतोय मी, आजी. होता. मी स्वतः दुर्बिणीत बघितलं. अंगठ्याकडच्या बाजूला मुळं खाली उतरली होती. पण कापाच्या कडा चारही बाजूंनी स्वच्छ आहेत, बूडसुद्धा. जेवढं होतं तेवढं सगळं बाटलीत आलं. गुरुजी म्हणाले, आणखी एक पावसाळा थांबला असता तर हात गेला असता, कदाचित माणूसही."

ह्यांनी बांधलेला हात कपाळाला लावला आणि लहान मुलासारखे रडले. त्यांना रडताना मी तेवढंच पाहिलं.

डांबर सुटलं. डॉक्टरांनी रेल्वेच्या वरच्या साहेबाला सांगितलं आणि त्याने ह्यांना फाटकावर नेमलं. पुढे कैक वर्षं दर महिन्याला डॉक्टर त्यांची काख चाचपायचे आणि म्हणायचे, "काही नाही, जा." त्या "काही नाही, जा" साठी मी महिनाभर थांबायची. हे म्हातारे होऊन, पतवंड मांडीवर घेऊन गेले. बोट मात्र कधी पुरतं मिटलं नाही. पोरांना सांगायचे, मगरीने धरलं.

माझा नातू आता डॉक्टर आहे. त्याला मी दोन्ही गाठी वर्णन करून सांगितल्या. तो म्हणाला, "आजी, पहिली केरॅटोअकॅन्थोमा असणार." नाव असं, की उच्चारता उच्चारता दात पडावेत. अंगातलीच ताकद तिला परतवते म्हणे. मी म्हटलं, मग मीठ? तो हसला, "कावळा बसला आणि फांदी तुटली." आणि मग गंभीर होऊन म्हणाला, की ती कॅन्सरचीच सौम्य जात की निराळी, यावर मोठमोठे डॉक्टर अजून भांडतात, आणि नुसतं बघून कुणी पैज लावत नाही. आजही मुळासकट काढून दुर्बिणीखालीच बघतात. मला आमच्या डॉक्टरांची फार आठवण आली. त्यांच्या त्या विलायती सुरीवर खरोखरच तांबडे ठिपके पडले होते. कंपाउंडर हळहळायचा. डॉक्टर म्हणायचे, असू दे, त्या ठिपक्यांनी एक माणूस वाचवलाय.

पण मला सांगायचंय ते त्या संध्याकाळचं. निकाल सांगून डॉक्टर घरी गेले. मी पेज वाढली. आत्यांच्या वाडग्यात, त्यांना न विचारता, चिमूटभर मीठ घातलं आणि ढवळलं. मार्गशीर्षापासून त्या तोंडाला मीठ ठाऊक नव्हतं. त्यांनी वाडगा उचलला, एक घोट घेतला आणि थांबल्या. मला वाटलं, आता ओरडतील, विचारल्याशिवाय का घातलंस म्हणून. डोळ्यांतलं पाणी गालांवरून घळघळ वाडग्यात पडत होतं, आणि त्या पुसतही नव्हत्या.

"खारट केलंस गं पोरी," त्या म्हणाल्या, आणि शेवटच्या घोटापर्यंत पीत राहिल्या.